अंगावरून गेले म्हणजे पाळी आलीच, असे नाही

गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड, एटापल्ली भागातल्या माडिया गावांत पाळीच्या दिवसांत बाईने घर सोडून गावाकडेच्या कुर्माघरात राहायचे, ही रीत पुष्कळ ठिकाणी अजून टिकून आहे. कुर्माघराची अवस्था, तिथले साप-विंचू, पावसात गळणारे छप्पर, ही झोपडी पाडावी की नीट बांधून द्यावी, यावर बरेच लिहिले गेले आहे आणि ते लिहिले जायलाच हवे. पण दवाखान्याच्या टेबलावरून पाहिले तर या रीतीची एक वेगळीच बाजू दिसते. ‘शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली?’ या छापील प्रश्नावर या भागातली बाई बहुतेक वेळा गप्प राहते. ‘मोहफुलं वेचून झाल्यापासून कुर्म्यात किती वेळा गेली, आणि दर वेळी किती दिवस राहिली?’ असे विचारले तर ती बोटांवर मोजून सांगू लागते. तारीख लक्षात नसते, दिवस असतात. आणि ज्या विषयावर हा लेख आहे, त्याचे निदान तारखेपेक्षा या दिवसांवरच जास्त अवलंबून असते.

एक उदाहरण घेऊ. ते कोणा एकीचे नाही, या पट्ट्यात वारंवार दिसणाऱ्या मुलींच्या हकिगतींवरून जुळवलेले आहे. मुलगी चौदा वर्षांची, आश्रमशाळेत आठवीत. पदर येऊन साधारण साडेपाच महिने झाले. पहिली पाळी चार दिवसांची. मग दोन महिने काहीच नाही. नंतर अकरा दिवस गेले. पुन्हा सत्तर दिवसांची सुट्टी. आता तेवीस दिवस झाले, थांबायचे नाव नाही. दुखत मात्र अजिबात नाही. न दुखल्यामुळेच तिने अधीक्षिकेला काही सांगितले नव्हते. प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडली तेव्हा उघड झाले. नाडी मिनिटाला ११८, हिमोग्लोबिन ५.९. आई सांगते, ‘पाळीच आहे, जरा लांबली.’

आईचे चुकते ते इथेच. ही पाळी नाही.

खऱ्या पाळीला एक पूर्वकथा असते. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात बीजकोषात एक बीज पिकत असते आणि त्याच्याभोवतीच्या पेशी इस्ट्रोजेन तयार करतात. या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या आतले अस्तर वाढते, जाड होते. मग बीज फुटून बाहेर पडते. ज्या पुटकुळीतून ते सुटले तिथे एक पिवळसर गाठ तयार होते आणि ती सुमारे चौदा दिवस प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक पाझरते. प्रोजेस्टेरॉन अस्तराची वाढ थांबवते आणि त्याला घट्ट, एकसंध बनवते. शेतकऱ्याला सांगायचे तर इस्ट्रोजेन म्हणजे धानाची वाढ आणि प्रोजेस्टेरॉन म्हणजे त्या धानाचे पिकणे. गर्भ राहिला नाही तर ती पिवळी गाठ सुकते, प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येते आणि सगळ्या अस्तराला एकाच वेळी निरोप मिळतो. अस्तराच्या मळसूत्री रक्तवाहिन्या आवळतात, वरचा थर सगळीकडून एकदमच सुटतो आणि खालून नवा थर धरू लागतो. म्हणून खरी पाळी साधारण ठरलेल्या दिवशी येते, पहिल्या-दुसऱ्या दिवशी ओटीपोटात कळा देते आणि चार-सहा दिवसांत औषधाशिवाय आपणहून थांबते. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० मिलिलिटरच्या वर गेले तर ते जास्त समजायचे.

आता बीज सुटलेच नाही असे समजा. पिवळी गाठ नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही. इस्ट्रोजेन मात्र चालूच. अस्तर वाढत राहते, पण पिकत नाही. जाड, भुसभुशीत, रक्तवाहिन्यांनी भरलेले आणि आधार नसलेले हे अस्तर शेवटी स्वतःच्या वाढीनेच ठिकठिकाणी फाटते. आज एका कोपऱ्यात, चार दिवसांनी दुसऱ्या कोपऱ्यात. एक तुकडा भरून येतो तोवर दुसरा गळायला लागतो. रक्तवाहिन्यांना आवळायचा इशारा कोणी देत नाही, त्यामुळे थांबण्याची यंत्रणाच नसते. म्हणून हा रक्तस्राव महिना-दोन महिने दडी मारतो, मग येतो तो वीस-पंचवीस दिवस चालतो, कधी थेंब थेंब, कधी गाठींसह. आणि तो बहुधा दुखत नाही, कारण कळा आणणारी प्रोस्टाग्लॅन्डिन ही द्रव्ये प्रोजेस्टेरॉन चढून उतरल्यावर भरपूर तयार होतात. इथे प्रोजेस्टेरॉन चढलेच नव्हते. ज्या मुलीला दुखत नाही तिचे बरे चालले आहे असे घर आणि शाळा दोघेही समजतात. या वयात बहुतेकदा उलटे असते. ओटीपोटात दुखून पाचव्या दिवशी थांबणारी पाळी ही बीज सुटल्याची निशाणी, आणि न दुखता वाहत राहणारे रक्त ही न सुटल्याची.

हा फरक समजायला आणखी एक ओळखीची गोष्ट आहे. आशाताईंकडे मिळणाऱ्या ‘माला-एन’च्या पाकिटात २१ गोळ्या संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या असतात. लोहाच्या गोळ्या सुरू असताना जे रक्त जाते त्याला बायका पाळीच म्हणतात. पण या गोळ्या घेताना बीज सुटतच नाही. संप्रेरक बंद झाले म्हणून अस्तर गळते, एवढेच. हा रक्तस्राव ठरल्या वेळी येतो आणि नीट थांबतो, कारण अस्तराला वरून शिस्त लावलेली असते. म्हणजे बीज न सुटता येणारे रक्त नेहमीच बेशिस्त असते असे नाही; आणि नियमित येणारे रक्तही बीज सुटल्याचा शंभर टक्के पुरावा नाही. रक्त एवढेच सांगते की अस्तर सुटले. का सुटले, हे शोधावे लागते.

या वयात असे का होते? बीज सुटायला मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून एलएच या संप्रेरकाची एक मोठी लाट यावी लागते, आणि ती लाट वाढत्या इस्ट्रोजेनला प्रतिसाद म्हणून येते. पदर आल्यानंतर हा प्रतिसाद पक्का व्हायला एक-दोन वर्षे, कधी जास्तही लागतात. पहिल्या वर्षातली निम्म्याच्या आसपास चक्रे बीजाशिवायचीच असतात. बहुतेक मुलींचे त्यात काही बिघडत नाही. पाळी मागेपुढे होते आणि हळूहळू ताळ्यावर येते. हे निसर्गाचेच आहे. म्हणून ‘लग्न झालं की होईल नीट’ हा सल्ला जितका बिनकामाचा, तितकीच प्रत्येक अनियमित पाळीला गोळ्या लावायची घाईही. काळजी करायची ती दिवस आणि रक्त दोन्ही हाताबाहेर जातात तेव्हा. आठ दिवसांहून जास्त चाललेला स्राव, दर तासा-दोन तासांनी भिजणारे कापड, मोठ्या गाठी, उभे राहिले की चक्कर, यातले काहीही असेल तर ‘वाढीचं वय आहे’ म्हणून पाठवून देता येत नाही.

गडचिरोली-चंद्रपूरमध्ये हे जास्त जपावे लागते, कारण इथे मुलीच्या अंगात मुळातच रक्त कमी असते. लोह कमी, त्यात मलेरिया, त्यात सिकलसेल. साडेअकरा हिमोग्लोबिनच्या मुलीला तेवीस दिवसांचा स्राव जेवढा थकवतो, त्याच स्रावाने आठ हिमोग्लोबिनची मुलगी थेट पाचच्या घरात जाते.

पुन्हा त्या आठवीतल्या मुलीकडे येऊ. आधी गावात तिला ‘रक्त बंद व्हायचं इंजेक्शन’ दिले गेले होते. दोन दिवस कमी झाले, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. यात नवल नाही. अशा इंजेक्शनाने अस्तराला मिळत नसलेले प्रोजेस्टेरॉन मिळत नाही. दवाखान्यात पहिली तपासणी व्हायला हवी ती लघवीवरची गर्भाची चाचणी. वय चौदा असो की सेहेचाळीस, हा प्रश्न सौम्यपणे, एकांतात आणि प्रत्येकीच्या बाबतीत सोडवायचाच, कारण गर्भपात किंवा नळीतला गर्भ यांचा स्रावही असाच ‘लांबलेली पाळी’ म्हणून येतो. तिची चाचणी नकारार्थी आली. मग प्लेटलेट, रक्त गोठण्याच्या चाचण्या, थायरॉईड, सिकलसेल. इतके रक्त गेलेल्या किशोरवयीन मुलींतल्या काहींना रक्त न गोठण्याचा जन्मजात आजार असतो, आणि तो पहिल्यांदा पाळीतच उघड होतो. लहानपणी घोळणा फुटायचा का, दात काढल्यावर रक्त थांबत नव्हते का, हे आईला विचारायला दोन मिनिटे लागतात. या मुलीत तसे काही नव्हते. सिकलसेल वाहक निघाली, रुग्ण नव्हे. सोनोग्राफीत अस्तर १४ मिलिमीटर जाड.

तिला रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या आणि नॉरएथिस्टेरॉन ही प्रोजेस्टेरॉनसारखी गोळी ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा सुरू केली. तिसऱ्या दिवशी स्राव थांबला. गोळी मात्र २१ दिवस द्यायची, कारण या काळात अस्तर पिकून घट्ट व्हायचे असते आणि अंगात थोडे रक्त भरायचे असते. (ज्या मुलीचे अस्तर महिनाभर गळून अगदी पातळ झालेले असते, तिच्यात नुसत्या या गोळीने लवकर थांबत नाही, तिथे उपचार वेगळा. म्हणून शेजारणीची उरलेली गोळी घेऊ नये.) उपचार फसतात ते याच टप्प्यावर. पहिली चूक घरची. रक्त थांबले की गोळ्या बंद केल्या जातात, आणि अर्धवट पिकलेले अस्तर दोन दिवसांत पुन्हा गळायला लागते. दुसरी चूक दवाखान्याची. गोळ्या पूर्ण झाल्यावर दोन-चार दिवसांनी रक्त येणारच, ते नेहमीपेक्षा जास्त येईल, गाठी पडतील, दुखेलही, हे कोणी आधी सांगत नाही. मग आई म्हणते औषध उतरले, पोरगी पुन्हा आजारी पडली, आणि भगताकडे किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे जाते. तो नव्याने रक्त थांबवणारे काहीतरी देतो आणि जे बाहेर पडायला हवे तेच आत कोंडले जाते.

या मुलीच्या आईला ते आधी सांगितले गेले होते. गोळ्या संपल्याच्या तिसऱ्या दिवशी स्राव आला, मुलगी पहिल्यांदाच पोट धरून बसली, आणि पाचव्या दिवशी सगळे आपोआप थांबले. ही खऱ्या पाळीची औषधाने केलेली नक्कल. पुढे तीन महिने दर महिन्याला १२ दिवस मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनची १० मिलिग्रॅमची गोळी आणि रोज लोह. ती सिकलसेलची रुग्ण असती तर काही गोष्टी बदलल्या असत्या. इस्ट्रोजेन असलेली गोळी टाळली असती, कारण तिने रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका वाढतो. रक्त गोठवणारे ट्रानेक्झॅमिक ॲसिड विचार करूनच दिले असते आणि लोह तपासल्याशिवाय दिले नसते. म्हणूनच या दोन जिल्ह्यांत सिकलसेलचा अहवाल हातात नसताना अशा मुलीचा कागद पूर्ण झाला असे म्हणता येत नाही. २०२३ च्या जुलैमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासण्या होत आहेत. पाळीची तक्रार घेऊन आलेल्या मुलीला तो अहवाल विचारण्याची सवय मात्र लागायची आहे.

दुसरे टोक चाळिशी-पंचेचाळिशीचे. इथेही बीज सुटणे अनियमित होते आणि तसाच स्राव येतो, पण अर्थ बदलतो. वर्षानुवर्षे प्रोजेस्टेरॉनशिवाय वाढणारे अस्तर काही जणींत बेताल वाढीकडे आणि त्यातून कर्करोगाकडे जाऊ शकते. सिंदेवाही-नागभीडकडची शेहेचाळीस वर्षांची बाई रोवणीच्या दिवसांत येते. सांगते, तीन महिने आली नव्हती, आता तीन आठवडे जात आहे, ‘पाळी जायचं वय आहे’ असे सासू म्हणते. पंचेचाळिशीनंतरच्या अशा स्रावात अस्तराचा तुकडा घेऊन तपासायलाच हवा. बारीक नळीने तो बाह्यरुग्ण विभागातही घेता येतो, भूल लागत नाही, काही मिनिटांचे काम आहे. तपासणीत नुसती साधी वाढ असेल तर पुष्कळदा प्रोजेस्टेरॉनने, कधी गर्भाशयात बसवण्याच्या प्रोजेस्टेरॉनयुक्त साधनाने काम होते. प्रत्यक्षात काय घडते? एक तर ‘वयाचं आहे’ म्हणून वर्षभर काही केले जात नाही, नाही तर तपासणी न करताच पिशवी काढायचा सल्ला मिळतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. धानपट्ट्यातल्या आणि जंगलातल्या बायकांबाबत तशी चौकशी व्हायची वेळ येऊ नये. पिशवी काढण्याच्या प्रत्येक सल्ल्यामागे अस्तराचा अहवाल जोडलेला असावा, ही मागणी फार मोठी नाही.

या दोन टोकांच्या मधली बाई वेगळ्याच कारणाने येते. लग्नाला चार वर्षे, मूल नाही. ‘पाळी तर येते’, म्हणून दोष कुठे आहे हे कळत नाही आणि बोल तिलाच लागतो. तिला दिवस विचारले तर चाळीस, पंचावन्न, पस्तीस, सत्तर असे उत्तर येते. रक्त येते, बीज येत नाही. तिला ‘पाळीनंतर दहाव्या ते विसाव्या दिवशी एकत्र राहा’ हा सल्ला देऊन काही साधत नाही, कारण मोजायला आधार नाही. अपेक्षित पाळीच्या सात दिवस आधी रक्तातले प्रोजेस्टेरॉन तपासले तर बीज सुटले की नाही ते कळते. २८ दिवसांच्या चक्रात तो २१ वा दिवस. पण पन्नास दिवसांच्या चक्रात २१ व्या दिवशी तपासून ‘बीज नाही’ म्हणणे ही चूक पुष्कळदा होते. आणि नवऱ्याचे वीर्य न तपासता हे काहीच पूर्ण होत नाही, हेही इथेच सांगितलेले बरे.

गडचिरोलीला या विषयात एक इतिहास आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि ‘सर्च’मधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये आले. ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार सापडले, आणि त्याआधी कधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. जगभर ग्रामीण स्त्रियांच्या आजारांकडे बघण्याची दृष्टी बदलली ती या जिल्ह्यातल्या दोन गावांमुळे. आज गावोगाव आशा आहे, उपकेंद्रात सिस्टर आहे, आश्रमशाळेत आरोग्य तपासणी होते. तरीही शाळेच्या तपासणीत मुलीला ‘पाळी सुरू झाली का?’ एवढेच विचारून रकाना भरला जात असेल, तर उत्तर ‘हो’ असे येते आणि वीस दिवस चालणारा स्राव त्या ‘हो’मध्येच झाकला जातो. त्या रकान्याशेजारी दोन रकाने हवेत. गेल्या वेळी किती दिवस गेले, आणि दोन पाळ्यांत किती दिवस गेले. आठहून जास्त दिवस लिहिले गेले की त्याच दिवशी हिमोग्लोबिन. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रोजेस्टेरॉनची गोळी पूर्ण कोर्सभर पुरेल इतकी असावी. दहा गोळ्या देऊन ‘बाकीच्या बाहेरून घ्या’ म्हटले तर जंगलातल्या बाईसाठी बाहेर म्हणजे पन्नास-साठ किलोमीटर असते. आणि ‘अंतरा’चे तिमाही इंजेक्शन घेतलेल्या बाईचा अनियमित स्राव वेगळ्या कारणाचा असतो. तिथे अस्तर जाड नव्हे, पातळ झालेले असते. म्हणून इंजेक्शन घेतले का, हा प्रश्न आधी यावा.

त्या मुलीच्या गोळ्या तीन महिन्यांनी बंद झाल्या. पुढचा महिना कोरडा गेला. नंतर एकेचाळिसाव्या दिवशी पाळी आली. आधी दोन दिवस छाती दुखत होती, पहिल्या दिवशी पोटात कळा होत्या, वर्गात बसवेना म्हणून ती आजारी खोलीत झोपली. पाच दिवसांनी थांबली. हिमोग्लोबिन १०.४ झाले होते. दुखते आहे म्हणून आई पुन्हा काळजीत होती. तिला सांगितले गेले की या वेळी दुखणे हीच चांगली खूण आहे, आणि कळांसाठी एक साधी गोळी दिली.